गुन्हेगाराचा चेहरा शोधायला गेलेला गाल्टन

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एकाने सुचवलं, की गेटवर चेहरा बघून 'संशयित' माणूस ओळखणारा कॅमेरा बसवू. रोज येणाऱ्या कुरिअरवाल्या पोरांवर आता यंत्र शिक्का मारणार! मला १८७७ सालचं इंग्लंड आठवलं.

गुन्हेगारांचा म्हणून एक ठरावीक चेहरा असतो का, हे तेव्हा फ्रान्सिस गाल्टनला शोधायचं होतं. तुरुंगांचे प्रमुख एडमंड डू केन यांनी त्याला कैद्यांचे फोटो दिले. गाल्टनने डोळ्यांवर डोळे जुळवून अनेक कैद्यांचे चेहरे एकाच काचेवर एकावर एक उतरवले. प्रत्येकाच्या वेगळ्या खुणा पुसट होतील आणि सगळ्यांत असलेली बदमाशी तेवढी ठळक उरेल, हा त्याचा हिशोब. झालं उलटंच. उमटलेला चेहरा मूळ कैद्यांपेक्षा बरा दिसत होता, अगदी चारचौघांसारखा. हे गाल्टनने स्वतःच १८७८ मध्ये लिहून ठेवलं.

तरी २०१६ मध्ये शांघायच्या दोन संशोधकांनी तोच डाव संगणकावर मांडला. एकूण १८५६ पुरुषांचे फोटो घेतले. त्यातले ७३० 'गुन्हेगार' पोलिसांकडून आले, बाकीचे 'सज्जन' इंटरनेटवरून. यंत्र जवळपास ९० टक्के वेळा बरोबर ओळखतं, असा दावा झाला.

आता मेख बघा. पोलिसांकडचा फोटो कोण हसून काढतो? आणि इंटरनेटवर आपण स्वतःचा कुठला फोटो टाकतो? जो चांगला आलाय तोच. मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर टोडोरॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हेच दाखवलं: छापलेल्या नमुन्यांत 'सज्जनां'च्या ओठांवर हसू होतं आणि 'गुन्हेगारां'च्या कपाळाला आठ्या. म्हणजे यंत्र बहुधा स्वभाव शिकलंच नाही, फोटो कुठल्या प्रसंगी काढला ते शिकलं.

समजा, ९० टक्के खरेच धरले. हजार माणसं गेटमधून गेली, त्यात चोर दहा. यंत्र नऊ चोर पकडेल, आणि उरलेल्या ९९० जणांपैकी ९९ निरपराधांनाही. १०८ जणांना अडवायचं, त्यातले ९९ साधे लोक!

मूड ओळखण्याचंही असंच. कॅमेऱ्याला फक्त स्नायू दिसतात. हसणारा माणूस आनंदी असेल, नाहीतर साहेबासमोर उभा असेल. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये चेहऱ्यावरून भावना, वय आणि लिंग सांगणारी सोय बंद करत असल्याचं जाहीर केलं, ते उगाच नाही.

ग्रुपवर मी एवढंच विचारलं: हा कॅमेरा कुणाचे फोटो बघून शिकलाय, आणि त्या फोटोंवर 'संशयित' असं कुणी लिहिलं? अजून उत्तर आलेलं नाही. तुमच्याकडे असा कॅमेरा विकायला कुणी आलं, तर तुम्हीही हेच विचारा.