दुहेरी काचेच्या खिडकीतील धुके : कुठे धरते आणि का?

दुहेरी काचेच्या खिडकीत दोन काचांमध्ये निर्वात पोकळी असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तेथे कोरडी हवा किंवा आर्गॉन वायू असतो. कोंडलेली स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे १२ मिलिमीटरची ही पोकळी काचेतून होणारे उष्णतेचे वहन जवळपास निम्म्यावर आणते. पोकळी बरीच रुंद केली, तर आतील हवा फिरू लागते आणि अधिक लाभ मिळत नाही.

दोन काचांच्या कडांमध्ये अॅल्युमिनियमची पोकळ पट्टी बसवलेली असते. तिच्यात ओलावा शोषणारे बारीक दाणे भरलेले असतात. पट्टी आणि काच यांच्यामध्ये ब्युटाइलचा थर असतो. तो बाष्प अडवतो. त्याबाहेर पॉलिसल्फाइडचा किंवा सिलिकोनचा थर असतो. तो काचा घट्ट धरून ठेवतो.

धुके दिसताच काच निकामी झाली असे मानू नये. पावसाळ्यात बाहेर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. वातानुकूलित खोलीत २२ अंश तापमान असताना एकेरी काचेचा बाहेरचा पृष्ठभाग याहून थंड होऊन त्यावर पाणी धरू शकते. दुहेरी खिडकीची बाहेरची काच सुमारे २७ अंशांवर राहते, म्हणून ती बहुधा कोरडी असते. गारव्याचा झोत थेट काचेवर येत असेल, तर तिच्यावरही धुके धरू शकते. परंतु ते बाहेरून फडक्याने पुसले जाते. त्यात दोष नाही.

दोन्ही बाजूंनी पुसूनही धुके राहिले, तर ते पोकळीत आहे. कोणताही थर पूर्णतः बाष्परोधक नसतो. दिवसा उन्हाने आतील हवा प्रसरण पावते, रात्री आकुंचन पावते आणि कडांवर ताण येतो. चौकटीच्या तळाशी निचऱ्याची भोके बुजून पाणी साचले, तर कडा सतत भिजत राहून थर लवकर सुटतो. आत शिरणारे बाष्प दाणे शोषत राहतात. त्यांची क्षमता संपली की पोकळीतील दवबिंदू वाढतो आणि सर्वांत थंड पृष्ठभागावर पाणी धरते. थंड प्रदेशात तो बाहेरच्या काचेचा असतो. वातानुकूलित घरात मात्र खोलीकडील काचेचा. आरंभी हे धुके गारवा बंद केल्यावर विरते. पुढे वारंवार धरणाऱ्या ओलाव्याने काचेवर पांढरट डाग उमटतात आणि ते जात नाहीत.

भोक पाडून पोकळी वाळवल्यास काच काही काळ स्वच्छ दिसते. पण संपृक्त झालेले दाणे आणि सुटलेला थर तसेच राहतात. यावर जोडकाच बदलणे हाच टिकाऊ उपाय होय. चौकट सुस्थितीत असल्यास ती बदलावी लागत नाही. मात्र नवी काच बसवण्यापूर्वी निचऱ्याची भोके मोकळी करावीत, अन्यथा तिचीही तीच गत होते.