ॲलर्जीची सर्दी आणि सायनसचा संसर्ग (यावल परिसर)

नाकाचे हे दोन वेगळे आजार आहेत. बोलण्यात मात्र दोन्हींना ‘सायनस’च म्हणतात. खरे तर सायनस हे रोगाचे नाव नाही. गाल आणि कपाळाच्या हाडांत, तसेच दोन डोळ्यांच्या मध्ये हवेच्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. त्या प्रत्येकाच्या डोक्यात असतात आणि बारीक छिद्रांनी नाकात उघडतात. नाकाचे अस्तर सुजले की छिद्रे बुजतात, आतला स्राव साठतो आणि डोके जड होते. अस्तर कशाने सुजले यावर पुढचा उपचार ठरतो, म्हणून निदान तिथूनच सुरू करावे लागते.

जळगाव जिल्ह्यातला यावल तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी केळी आणि कपाशी पिकवतो. पाऊस लागला की बांधावर, पडीक जागेत आणि रस्त्याकडेला गाजरगवत माजते. त्यालाच काँग्रेस गवत म्हणतात. पांढऱ्या बारीक फुलांच्या या गवताचे परागकण ॲलर्जीच्या सर्दीचे ओळखीचे कारण आहेत. पुढे कापूस वेचणीच्या दिवसांत धूळ उडते. थंडीत पेटीतल्या गोधड्या बाहेर निघतात, तेव्हा त्यांतल्या धूळ-किडींचा त्रास होतो.

ॲलर्जीची मुख्य खूण खाज ही आहे. नाक, डोळे आणि टाळू खाजतात, एकामागून एक शिंका येतात, नाकातून पाण्यासारखे गळते आणि ताप नसतो. त्रास दरवर्षी त्याच महिन्यांत किंवा त्याच कामाला लागला की होतो. विषाणूच्या सर्दीत खाज फारशी नसते. घसा दुखतो, अंग मोडून येते, पहिले तीन-चार दिवस त्रास वाढतो आणि मग उतरतो. या सर्दीत सायनसचे अस्तरही सुजतेच, तरी बहुतेकांचा आजार विषाणूंपाशीच थांबतो. मोठ्या माणसांत शंभर सर्द्यांपैकी जेमतेम एक-दोन सर्द्यांवर पुढे जिवाणूंचा संसर्ग चढतो.

शेंबडाच्या रंगावरून निर्णय घेऊ नये. पिवळा-हिरवा रंग पांढऱ्या पेशींमधल्या द्रव्यामुळे येतो. त्या पेशी विषाणूशी लढायलाही येतात, त्यामुळे साध्या सर्दीच्या चौथ्या-पाचव्या दिवशी शेंबूड घट्ट आणि हिरवा होणे नेहमीचेच आहे. साधा एक्स-रेसुद्धा विषाणू आणि जिवाणू वेगळे करून दाखवत नाही. खरा आधार दिवसांच्या मोजणीचा आहे.

एक नमुना घेऊ. केळीच्या बागेत निंदणी करणाऱ्या पस्तिशीच्या बाईला दर भाद्रपदात शिंका येतात आणि डोळे खाजतात. हा ॲलर्जीचा त्रास आहे, त्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. कार्तिकात घरातल्या मुलाची सर्दी तिला लागते. पाचव्या दिवशी शेंबूड हिरवा होतो, गाल ठणकतो, पण ताप नसतो. अजूनही अँटिबायोटिक नको, नाक धुणे आणि दुखण्यावर पॅरासिटामॉल एवढे पुरे. सहाव्या दिवशी तिला बरे वाटते, आठव्या दिवशी मात्र पुन्हा ताप चढतो आणि एका बाजूच्या गालात व वरच्या दाढांत ठणका लागतो. बरे होत आलेले दुखणे असे उलटले की जिवाणूंचा संशय पक्का होतो आणि डॉक्टरकडे जायची वेळ आलेली असते. संशयाची आणखी दोन कारणे आहेत. एक, दहा दिवस उलटूनही काहीच उतार न पडणे. दुसरे, सुरुवातीपासून सलग तीन-चार दिवस 102 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, सोबत पुवासारखा स्राव किंवा चेहऱ्यात जोरात ठणका.

नाक धुणे या भागाला नवे नाही. हठयोगातली नेती जुनीच आहे, आणि स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये स्थापन केलेल्या लोणावळ्याच्या कैवल्यधामासारख्या संस्थांनी जलनेती शिकवली आहे. मिठाचे पाणी परागकण, धूळ आणि घट्ट स्राव धुऊन काढते, त्यामुळे दोन्ही आजारांत त्याने आराम पडतो. अर्धा लिटर पाण्याला सपाट पाऊण चमचा, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम मीठ घालावे. चमचा पाच मिलिलिटरचा, औषधाच्या मापाचा हवा. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर झोंबत नाही. आयोडीन नसलेले मीठ मिळाले तर उत्तम. ओट्यावर पुढे वाकून मान एका बाजूला कलती करावी, तोंडाने श्वास घ्यावा आणि वरच्या नाकपुडीत धार सोडावी. पाणी दुसरीकडून आपोआप बाहेर येते. नाक झोंबले तर मिठाचे माप चुकले किंवा पाणी गार राहिले असे समजावे. नंतर नाक हलकेच शिंकरावे. दोन्ही नाकपुड्या दाबून जोर केला तर पाणी कानाकडे जाते.

पाणी मात्र उकळून कोमट केलेलेच घ्यावे. बोअरचे, नळाचे किंवा फिल्टरचे पाणी तसेच वापरू नये. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात 2011 मध्ये नळाच्या पाण्याने नेती केलेले दोन जण दगावले. पाण्यातला अमीबा नाकातून मेंदूत गेला होता. हा रोग अत्यंत दुर्मीळ आहे, पण झाल्यावर बहुतेक वेळा जीव घेतो, आणि पाणी एक मिनिट खळखळ उकळले की अमीबा मरतो. नेतीचे भांडेही धुऊन कोरडे करून ठेवावे.

अँटिहिस्टामिन गोळ्या ॲलर्जीवर चालतात. ॲलर्जीत शरीर हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडते, त्याची वाट या गोळ्या अडवतात. खाज, शिंका आणि गळणे यांवर त्यांचा चांगला परिणाम होतो, चोंदलेल्या नाकावर थोडाच होतो. त्रासाच्या हंगामात रानात जाण्याआधी घेतलेली गोळी शिंका सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीपेक्षा कामाची. मेडिकलवरच्या सर्दीच्या गोळ्यांत बहुधा जुने क्लोरफेनिरामिन असते आणि त्याने झोप येते. ट्रॅक्टर किंवा मोटरसायकल चालवणाऱ्याने ते टाळावे. सेटिरिझिननेही काहींना गुंगी येते, फेक्सोफेनाडिनने ती सहसा येत नाही. नाक सतत चोंदत असेल तर फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा फवारा गोळीपेक्षा सरस ठरतो. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, लोक तिसऱ्या दिवशी सोडून देतात. फवाऱ्याचे तोंड मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने धरावे. नाक झटक्यात मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब वेगळे. ते चार-पाच दिवसांपुढे घातले तर नाक थेंबांमुळेच चोंदू लागते.

जिवाणूंची खात्री पटली तरी प्रकृती ठीक असलेल्या माणसाला डॉक्टर काही दिवस वाट पाहायला सांगू शकतात. द्यायचेच झाले तर पहिली पसंती अमॉक्सिसिलिनला, एकट्याने किंवा क्लॅव्युलॅनिक ॲसिडसोबत, बहुधा पाच ते सात दिवस. अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांचे पाकीट इथे सर्रास मागितले जाते, पण सायनसच्या नेहमीच्या जिवाणूंपैकी बरेच त्याला दाद देत नाहीत. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगावी. अँटिबायोटिकने शंभरातल्या पाच ते अकरा जणांनाच लवकर बरे वाटते. बाकीचे तसेही बरे होणारे असतात, त्यांच्या वाट्याला जुलाब मात्र येऊ शकतात.

डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, तीव्र डोकेदुखी, मान आखडणे किंवा बरळणे यांपैकी काही दिसले तर दिवस मोजत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेह असलेल्याच्या नाकात किंवा टाळूवर काळी खपली दिसली तरी तसेच करावे. 2021 मध्ये कोविडनंतर महाराष्ट्रात पसरलेली काळी बुरशी अशीच नाकातून सुरू झाली होती. एरवी सर्दीचा पहिला दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि डॉक्टरकडे गेल्यावर आधी ती तारीख सांगा.