खटला आणि खातेनिहाय चौकशी : कोणी कोणासाठी थांबायचं?

मागच्या वेळी आपण निलंबनाचा इतिहास पाहिला. तेव्हा शेवटी एक प्रश्न आला होता: एकाच आरोपावरून कोर्टात खटला चालू आहे आणि ऑफिसातही चौकशी चालू आहे, तर चौकशीने खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबायला नको का? आज तेवढ्याच प्रश्नाचा माग काढू.

आधी आपल्या माण तालुक्यातलंच एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, टंचाईच्या वर्षी एका गावात टँकरच्या खेपा नोंदवहीत जास्त लिहिल्या गेल्या. ग्रामसेवकावर अपहाराचा गुन्हा दाखल झाला, जिल्हा परिषदेने त्याला निलंबित केलं आणि दोषारोपपत्रही हातात ठेवलं. आता दहिवडीच्या कोर्टात त्याला गप्प बसण्याचा हक्क आहे, गुन्हा शाबित करण्याचं ओझं सरकारी पक्षावर आहे. पण चौकशी अधिकाऱ्यापुढे तो गप्प बसला तर चौकशी त्याच्याविना पुढे जाते. बोलला, टँकरवाल्याची उलटतपासणी घेतली, आपला कागद पुढे केला, तर त्याचा सगळा बचाव खटल्याआधीच समोरच्यांना कळतो. साक्षीदार कोर्टात येतो तो तयारी करूनच. अडचण म्हणतात ती हीच.

पण एकाच गोष्टीची दोनदा चौकशी मुळात चालते का? 1954 साली एस. ए. व्यंकटरामन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर दिलं. राज्यघटनेचा अनुच्छेद 20 एकाच अपराधासाठी दोनदा खटला आणि दोनदा शिक्षा यांपासून संरक्षण देतो. खातेनिहाय चौकशी हा त्या अर्थाने खटला नव्हे. एकीकडे प्रश्न गुन्ह्याचा आहे, दुसरीकडे माणूस नोकरीत ठेवण्याजोगा आहे की नाही याचा. पुराव्याची मोजपट्टीही वेगळी. कोर्टात वाजवी संशय उरला की आरोपी सुटतो. चौकशीत शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढंच पाहतात.

म्हणजे दोन्ही चालू शकतात. मग थांबायचं कधी? 1960 साली दिल्ली क्लॉथ मिल्सच्या एका शिपायाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. आरोप होता हेडक्लार्कची सायकल चोरल्याचा. खटला चालू आहे म्हणून त्याने चौकशीत उत्तर द्यायचं नाकारलं. कंपनीने त्याला काढलं, आणि नंतर कोर्टात तो संशयाचा फायदा मिळून सुटला. न्यायालय म्हणालं, मालकाने खटल्यासाठी थांबलंच पाहिजे असं नैसर्गिक न्याय सांगत नाही. मात्र आरोप गंभीर असेल, किंवा त्यात तथ्यांचे वा कायद्याचे गुंतागुंतीचे प्रश्न असतील, तर थांबणं इष्ट. सायकलीचा मामला साधा होता, म्हणून काढून टाकणं टिकलं. ‘थांबलंच पाहिजे’ आणि ‘थांबणं इष्ट’ यांतलं अंतर लक्षात ठेवा. पुढची चाळीस वर्षं वाद या अंतरातच चालला.

आता एक प्रकरण तपशिलाने पाहू. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी. भारत गोल्ड माइन्स या सरकारी कंपनीत कॅप्टन एम. पॉल अँथनी सुरक्षा अधिकारी होते. 2 जून 1985 रोजी पोलिसांनी त्यांच्या घरावर छापा घातला. साडेचार ग्रॅम वजनाचा सोन्याचा गोळा आणि 1276 ग्रॅम सोनंमिश्रित वाळू सापडली, असं पोलिसांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी निलंबन, तिसऱ्या दिवशी दोषारोपपत्र. त्यांनी खटला संपेपर्यंत चौकशी थांबवा म्हणून विनंती केली. उच्च न्यायालयानेही, थांबणं योग्य वाटत असेल तर विचार करा, असं कंपनीला सांगितलं. कंपनी थांबली नाही. अँथनी आजारी होते, केरळात होते, आणि निर्वाह भत्ता दिलेला नसल्यामुळे चौकशीला यायलाही पैसे नव्हते. चौकशी एकतर्फी झाली आणि जून 1986 मध्ये ते बडतर्फ झाले. फेब्रुवारी 1987 मध्ये कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं, कारण छापा आणि जप्तीच शाबित झाली नाही. तरी कंपनीने परत घेतलं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला 30 मार्च 1999 रोजी.

न्यायालयाने आधीचे निकाल एकत्र लावून सूत्रं सांगितली. दोन्ही कार्यवाही सोबत चालायला बंदी नाही. आरोप आणि पुरावा एकच असेल, आरोप गंभीर असेल आणि त्यात गुंतागुंतीचे प्रश्न असतील, तर चौकशी थांबवणं इष्ट. पण खटला रेंगाळला तर थांबवलेली चौकशी पुन्हा सुरू करता येते. माणूस निर्दोष असेल तर त्याचं नाव लवकर निघावं आणि दोषी असेल तर तो लवकर जावा. अँथनींच्या बाबतीत छाप्याची तीच माणसं दोन्हीकडे साक्षीदार होती. कोर्टाने जे साफ नाकारलं, त्यावरच एकतर्फी चौकशीतली बडतर्फी उभी राहणं अन्यायाचं होतं. त्यांना थकलेल्या पगारासह कामावर घेण्याचा आदेश झाला.

यात निर्वाह भत्त्याचा मुद्दा बाजूचा वाटेल, पण तो मध्यवर्ती आहे, आणि त्याचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. मुंबई नागरी सेवा नियमांत एक तरतूद होती: निलंबित कर्मचाऱ्याला फौजदारी कोर्टात शिक्षा झाली, तर त्याचं अपील चालू असतानाही निर्वाह भत्ता महिना नाममात्र एक रुपया. 1983 साली महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रभान तळे या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. एक रुपयात माणूस जगणार कसा आणि लढणार कसा? अँथनींच्या निकालातही हाच विचार आहे. चौकशी चालू ठेवायची तर समोरच्याला हजर राहण्याएवढं बळ ठेवावं लागतं.

दुसऱ्या बाजूचंही ऐकू. 1996 साली राजस्थानच्या बी. के. मीना प्रकरणात न्यायालयाने बजावलं की चौकशी थांबवणं हा शिरस्ता होऊ नये. बचावाला खरोखर बाध येतो का, हाच कळीचा प्रश्न, आणि तोही इतर गोष्टींबरोबर तोलायचा. खटले वर्षानुवर्षं चालतात, आणि दोषी माणसाला तो उशीर हवाच असतो. 2014 च्या स्टॅन्झेन टोयोटेत्सू निकालात यावर मधली वाट काढली: खटला एका वर्षात संपवण्याचा प्रयत्न करा, नाहीच संपला तर चौकशी पुढे चालू.

परत आपल्या ग्रामसेवकाकडे. त्याने ‘खटला आहे, थांबा’ एवढाच अर्ज केला तर तो बहुधा टिकणार नाही. दोषारोपपत्र आणि पोलिसांचं आरोपपत्र शेजारी ठेवून, साक्षीदार तेच, कागद तेच, आणि अमुक प्रश्नाचं उत्तर दिलं तर माझा बचाव उघडा पडतो, हे त्याला दाखवावं लागेल. उलट जिल्हा परिषदेने आरोप ‘नोंदवही नियमाप्रमाणे ठेवली नाही, खेपांची खातरजमा केली नाही’ असा ठेवला, तर तो अपहाराहून वेगळा आरोप आहे. त्यासाठी थांबायचं कारण उरत नाही, आणि कोर्टातून सुटका झाली तरी तो आपोआप पुसला जात नाही.

सुटकेनंतर चौकशी चालू ठेवावी का, हा प्रश्न नागपूर महानगरपालिकेच्या 1981 च्या प्रकरणात आला होता. न्यायालयाने निर्णय खात्यावर सोडला, पण सन्मानाने पूर्ण सुटका झाली असेल तर त्याच आरोपांवर चौकशी पुढे नेणं सहसा इष्ट नाही, असं म्हटलं. साक्षीदार उलटल्यामुळे झालेली सुटका आणि आरोपच खोटा ठरल्यामुळे झालेली सुटका यांत फरक आहे. निकालपत्राचं शेवटचं पान तेवढं वाचून तो कळत नाही; पुराव्यावर न्यायाधीशांनी काय लिहिलंय ते बघावं लागतं. सुटकेच्या या दोन जाती पुढच्या व्याख्यानात पाहू.