दोन स्तंभांचे पान यंत्र कोणत्या क्रमाने वाचते?

दोन स्तंभांत छापलेले पान वाचताना आपण डावा स्तंभ तळापर्यंत वाचतो आणि मग उजव्या स्तंभाच्या माथ्याशी जातो. हे करताना आपण काही ठरवतो आहोत, याची आपल्याला जाणीवही नसते. यंत्राला मात्र पान म्हणजे काळ्या-पांढऱ्या बिंदूंचा एक मोठा तक्ता असतो. त्यातली अक्षरे ओळखणे हा एक प्रश्न, आणि ओळखलेल्या ओळी कोणत्या क्रमाने लावायच्या हा दुसरा. एकदा साधा मजकूर तयार झाला की कोणती ओळ पानावर कुठे होती ही माहिती उरत नाही. त्यामुळे क्रम चुकला, तर प्रत्येक अक्षर बरोबर असूनही मजकूर निरर्थक होतो. अंध वाचकाला तो यंत्राकडून ऐकायचा असेल, तर मूळ पान पाहून चूक दुरुस्त करण्याची सोयही त्याला नसते.

या दुसऱ्या प्रश्नाचे एक सुबक उत्तर जॉर्ज नागी आणि शरद सेठ यांनी 1984 साली मांडले. पानावरची सगळी शाई खालच्या कडेवर ‘पाडली’ अशी कल्पना करा, म्हणजे प्रत्येक उभ्या रांगेत किती काळे बिंदू आहेत ते मोजा. दोन स्तंभांमधल्या कोऱ्या पट्टीच्या जागी ही संख्या शून्य येते, आणि तिथे पान उभे कापायचे. मग प्रत्येक तुकड्याची शाई बाजूच्या कडेवर पाडून तो आडवा कापायचा. असे आलटून पालटून कापत गेले की पानाचे झाड तयार होते: खोड म्हणजे पूर्ण पान, फांद्या म्हणजे स्तंभ, त्यांच्या फांद्या म्हणजे परिच्छेद आणि ओळी. डावी फांदी आधी, वरची फांदी आधी, एवढे पाळले की वाचनाचा क्रम मिळतो.

या रीतीची एक अट आहे. पान सरळ हवे. किती सरळ, ते मोजून पाहू. समजा, स्तंभ 240 मिलिमीटर उंच आणि 80 मिलिमीटर रुंद आहेत, आणि मधली कोरी पट्टी 6 मिलिमीटर आहे. पान थोडे फिरले की पट्टीही कलते. तिचे खालचे टोक वरच्या टोकापेक्षा 6 मिलिमीटर बाजूला सरकले, की एकही उभी रेघ पट्टीतून आरपार जात नाही आणि शून्य नाहीसे होते. 6 भागिले 240 म्हणजे 0.025; हा सुमारे 1.4 अंशांचा स्पर्शक आहे. म्हणजे डोळ्याला जेमतेम जाणवणारा कलसुद्धा ही रीत निकामी करतो.

म्हणून कल आधी मोजून काढावा लागतो. हेन्री बेअर्ड यांनी 1987 साली त्यासाठी एक रीत दिली. प्रत्येक अक्षराच्या तळाचा एक बिंदू घ्यायचा आणि वेगवेगळे कोन गृहीत धरून ते बिंदू बाजूच्या कडेवर पाडायचे. कोन चुकीचा असेल तर बिंदू सगळीकडे सारखे पसरतात. कोन बरोबर असेल तर एका ओळीचे सगळे बिंदू एकाच जागी गोळा होतात आणि ओळींच्या मध्ये रिकाम्या जागा दिसतात. ही चढ-उतार सर्वांत ठळक ज्या कोनाला, तोच पानाचा कल. तेवढे पान उलट फिरवले की काम झाले.

स्कॅनरच्या सपाट काचेवर ठेवलेल्या पानाला एवढे पुरते. हातातल्या कॅमेऱ्याने तिरके छायाचित्र घेतले की पुरत नाही, कारण तिथे संपूर्ण पानाला एकच कल नसतो. पानाच्या खालच्या बाजूने फोटो घेतला, तर माथा लांब पडतो आणि रेल्वेच्या रुळांसारख्या कडा वर जवळ येतात. डावा समास उजवीकडे कलतो, उजवा डावीकडे, आणि मधली पट्टी सरळ उभी राहते. डावा समास सरळ करायला चित्र फिरवावे तर उजवा आणखी कलतो.

शिवाय मापेही जागोजाग बदलतात. आपल्याच पानात तळाशी एका मिलिमीटरला 12 बिंदू आणि माथ्याशी 5 बिंदू पडले असे समजा. दोन्ही कडा जुळवून छापलेल्या मजकुरात शब्दांमधली जागा कधी कधी 2.5 मिलिमीटरपर्यंत ताणली जाते. तळाशी ती 30 बिंदूंची होईल. माथ्याशी 6 मिलिमीटरची पट्टीही 30 बिंदूंचीच! ‘अमुक बिंदूंपेक्षा मोठी जागा म्हणजे स्तंभ संपला’ असा नियम इथे चालणार नाही. मात्र जागा शेजारच्या अक्षरांच्या रुंदीच्या पटीत मोजली, तर वेगळे चित्र दिसते. अक्षर 2 मिलिमीटर रुंद असेल तर ते तळाशी 24 बिंदूंचे आणि माथ्याशी 10 बिंदूंचे. मग शब्दांमधली जागा सव्वा अक्षराची ठरते आणि पट्टी तीन अक्षरांची. फरक पुन्हा स्पष्ट झाला.

अशा रीतीने अक्षरे जवळच्या अक्षरांना जोडत ओळींचे तुकडे मिळवायचे; पट्टी मात्र ओलांडायची नाही. या तुकड्यांवरून स्तंभाची वरची आणि खालची ओळ, तसेच डावी आणि उजवी कड आखता येते. या चार रेषांचा चौकोन मुळात आयत होता, हे आपल्याला ठाऊक आहे. तिरक्या चित्राचे सरळ चित्र करणाऱ्या सूत्रात आठ अज्ञात संख्या असतात. प्रत्येक कोपरा दोन समीकरणे देतो, म्हणून चार कोपरे पुरतात. आयताच्या उंची-रुंदीचे प्रमाण नक्की माहीत नसले तरी चालते. अक्षरे थोडी उंच किंवा बसकी दिसतील, पण क्रमाला धक्का लागणार नाही.

आता क्रम लावायचा. थॉमस ब्रॉयल यांनी 2003 साली यासाठी दोनच नियम दिले. पहिला: दोन ओळी एकमेकींच्या वर-खाली येत असतील, म्हणजे त्यांच्या आडव्या व्याप्तीचा काही भाग समान असेल, तर वरची आधी. दुसरा: एक ओळ दुसरीच्या पूर्णपणे डावीकडे असेल तर डावी आधी, मात्र उंचीने त्या दोघींच्या दरम्यान असलेली आणि दोघींच्याही व्याप्तीत येणारी तिसरी ओळ असेल, तर हा नियम लावायचा नाही. पानाच्या मध्यावर दोन्ही स्तंभांवर पसरलेले मोठे उपशीर्षक आहे असे समजा. त्याच्या खालचा डावा मजकूर वरच्या उजव्या मजकुराच्या डावीकडे आहे, पण उपशीर्षक मध्ये येते, म्हणून दुसरा नियम थांबतो. पहिल्या नियमाने वरचा उजवा भाग उपशीर्षकाच्या आधी आणि खालचा डावा भाग नंतर येतो. क्रम अचूक लागतो. हे उपशीर्षक फक्त डाव्या स्तंभातले आहे असे यंत्राने चुकून धरले, तर मात्र डावा स्तंभ थेट तळापर्यंत वाचला जातो.

पान सरळ न करता हेच नियम लावले तर काय होईल? आपल्या पानाचा 2 अंशांचा कल तसाच राहिला आणि ओळी उजवीकडे चढत गेल्या असे समजा. स्तंभ खाली जाताना उजवीकडे सरकतो. माथ्यापासून 172 मिलिमीटरवर तो 6 मिलिमीटर सरकलेला असतो. त्याखालच्या डाव्या ओळींची टोके उजव्या स्तंभाच्या पहिल्या ओळीच्या खाली शिरतात. पहिला नियम म्हणतो, वरची ओळ आधी. ओळींमधले अंतर 4.2 मिलिमीटर असेल, तर डाव्या स्तंभाच्या शेवटच्या सुमारे 16 ओळी उजव्या स्तंभाच्या पहिल्या 16 ओळींशी एकाआड एक मिसळतात. म्हणून मजकूर तपासताना केवळ सुरुवात वाचून समाधान मानू नये. सुरुवात निर्दोष असते. बिघाड सापडतो तो डावा स्तंभ संपत येतो तिथे. प्रत्येक ओळीला विषय बदलत असेल, तर दोष अक्षरे ओळखण्यात नसून कल काढण्यात आहे.

हे सगळे सपाट पानासाठी झाले. जाड पुस्तकाचे पान शिवणीजवळ वळते आणि तिथे ओळी सरळ रेषाच राहत नाहीत. चार कोपऱ्यांचे गणित तिथे अपुरे पडते. अशा पानात प्रत्येक ओळीचा बाक वेगळा मोजून ती सरळ करावी लागते. त्यानंतर क्रम लावायला मात्र वरचेच दोन नियम उपयोगी पडतात.