फारसी आणि मराठी: क्रियापद शेवटी, मग गडबड कुठे होते?

‘मी पाणी पितो’ हे वाक्य फारसीत असं होतं: ‘मन आब मीख़ोरम’. मन म्हणजे मी, आब म्हणजे पाणी आणि मीख़ोरम म्हणजे पितो. मराठीतला प्रत्येक शब्द आपापल्या जागी ठेवला आणि फक्त शब्द बदलले, तरी वाक्य तयार! इंग्रजी शिकताना क्रियापद उचलून मध्ये आणावं लागतं, तशी कसरत इथे नाही. कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद हा क्रम दोन्ही भाषांत सारखाच आहे.

त्यामुळे मराठी माणसाला फारसीची सुरुवात सोपी वाटते. पण जरा लांब वाक्य करायला गेलं की हाच भरवसा नडतो. असं का होतं, ते एकाच वाक्यातून पाहू.

आपलं वाक्य: ‘मी काल माझ्या मित्राला हे नवीन पुस्तक दिलं’

आजच्या इराणी फारसीत याचं सरळ रूप असं आहे:

‘मन दीरूज़ ईन केताब-ए जदीद रा बे दूस्तम दादम.’

दीरूज़ म्हणजे काल, ईन म्हणजे हे, जदीद म्हणजे नवीन, दूस्तम म्हणजे माझा मित्र आणि दादम म्हणजे मी दिलं. (आपण ‘किताब’ म्हणतो, इराणमध्ये उच्चार ‘केताब’च्या जवळ जातो.)

दोन्ही टोकं जुळतात. ‘मी काल’ सुरुवातीला आहे आणि ‘दिलं’ शेवटी. फरक आहे तो मधल्या भागात, आणि तो तीन ठिकाणी आहे.

पहिला फरक: ‘ला’ आणि ‘रा’ची फसवी जोडी

फारसीतला ‘रा’ नामाच्या नंतर येतो आणि ऐकायलाही आपल्या ‘ला’सारखा वाटतो. म्हणून नवशिका ‘मित्राला’साठी ‘दूस्तम रा’ म्हणतो. इथेच चूक होते.

मराठीत ‘ला’ दोन कामं करतो. ‘मी अलीला पाहिलं’ यात तो कर्माला लागतो, तर ‘मी अलीला पुस्तक दिलं’ यात वस्तू ज्याला मिळाली त्याला लागतो. आजच्या फारसीत ‘रा’कडे यातलं पहिलंच काम आहे. त्यामुळे ‘अलीला पाहिलं’साठी ‘अली रा दीदम’ बरोबर आहे. पण दिलेल्या वाक्यात ‘रा’ पुस्तकाला लागतो, आणि मित्रासाठी ‘बे’ हा वेगळा शब्द येतो. म्हणजे मराठीत खूण मित्रावर असते आणि पुस्तक मोकळं राहतं. फारसीत पुस्तकावर ‘रा’ असतो आणि मित्राआधी ‘बे’.

शिवाय ‘रा’ प्रत्येक कर्माला लागत नाही. ‘केताब ख़रीदम’ म्हणजे पुस्तक, पुस्तकं असं काहीतरी विकत घेतलं. ‘केताब रा ख़रीदम’ म्हणजे ज्याबद्दल आपण बोलत होतो, ते ठरावीक पुस्तक घेतलं. मराठीत हा फरक बहुतेक वेळा संदर्भावरून कळतो किंवा ‘ते’ लावून दाखवला जातो.

दुसरा फरक: आपण मागे लावतो, फारसी पुढे लावते

वरचा ‘बे’ कुठे आहे ते पुन्हा पाहा. तो मित्राच्या आधी आहे. मराठीत बाजारातून, घरात, मित्राबरोबर अशा सगळ्या खुणा नामाच्या मागे जोडल्या जातात. फारसीत त्या नामाआधी सुट्या येतात: ‘अज़ बाज़ार’ म्हणजे बाजारातून, ‘दर ख़ाने’ म्हणजे घरात, ‘बा दूस्तम’ म्हणजे माझ्या मित्राबरोबर. नामानंतर येणारा ‘रा’ हा इथला अपवाद आहे. मराठी सवयीने ‘बाज़ार अज़’ असं तोंडात आलं, तर समजावं की वाक्याचा आराखडा अजून मराठीच आहे.

तिसरा फरक: नामाचा गट उलटा उभा राहतो

‘नवीन पुस्तक’चं ‘केताब-ए जदीद’ झालं, म्हणजे शब्दशः ‘पुस्तक नवीन’. मधल्या ‘ए’ला इज़ाफ़त म्हणतात. नाम आणि त्याच्याबद्दलची माहिती जोडणारा हा दुवा आहे. शब्द स्वरान्त असेल तर त्याचा ‘ये’ होतो.

लांब साखळीत हे जास्त स्पष्ट दिसतं. ‘माझ्या मित्राचं नवीन घर’ म्हणजे ‘ख़ाने-ये जदीद-ए दूस्त-ए मन’. डावीकडून वाचलं तर घर, नवीन, मित्र, माझा. आपली साखळी आरशात पाहिल्यासारखी उलटी झाली आहे.

पण सगळंच उलटत नाही. ‘हे’ आणि आकडे मराठीसारखेच आधी राहतात: ‘ईन केताब’, ‘दो केताब’. आकडा आल्यावर नाम मात्र एकवचनीच राहतं. आणि ‘रा’ लागतो तो सगळा गट संपल्यावर. म्हणून ‘ईन केताब-ए जदीद रा’ बरोबर आहे, ‘केताब रा जदीद’ नाही.

छापील फारसीत इज़ाफ़तचा ‘ए’ बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो. वाचताना दोन नामं शेजारी दिसली की तो मनाने भरावा लागतो. नवशिक्याचं वाचन इथेच अडखळतं.

ही रचना आपल्याला अगदी अनोळखीही नाही. जुन्या कागदपत्रांतलं ‘मौजे’ गावाच्या नावाआधी येतं आणि आपण ‘किल्ले रायगड’ म्हणतो. नेहमीच्या मराठी वळणाने ‘रायगड किल्ला’ व्हायला हवं होतं. सामान्य शब्द आधी आणि नाव नंतर, हे फारसी दरबारी भाषेचं वळण आहे.

क्रियापद शेवटी, पण कोणतं?

एका क्रियापदाचं वाक्य सोपं असतं. दोन आली की क्रम बदलतो. ‘मला तेहरानला जायचं आहे’ यात इच्छा दाखवणारा भाग सर्वांत शेवटी आहे. फारसीत ‘मीख़ाहम बे तेहरान बेरवम’. ‘मीख़ाहम’ म्हणजे मला हवंय, आणि ते आधी येतं. ‘जावं’ या अर्थाचं ‘बेरवम’ शेवटी जातं. मराठीतलं ‘मला वाटतं की तो येईल’ हे वळण त्याच्या जवळचं आहे, आणि त्यातला ‘की’ फारसीच्या ‘के’वरून आला असं मानलं जातं.

नकारही जागा बदलतो. आपण ‘गेलो नाही’ म्हणतो. फारसीत ‘नरफ़्तम’, म्हणजे नकार क्रियापदाच्या डोक्यावरच बसतो.

आणि क्रियापद शेवटी असतं हा नियम बोलण्यात थोडा सैल आहे. तेहरानच्या रोजच्या बोलीत ‘रफ़्तम ख़ूने’ सहज ऐकू येतं, म्हणजे ‘गेलो घरी’. जिथे जायचं ती जागा क्रियापदानंतर येते आणि ‘बे’ गळून पडतो. चित्रपटात असं वाक्य ऐकलं तर पुस्तकातला नियम चुकला असं समजू नये.

मग स्वतः वाक्य बनवताना काय करायचं? मराठी वाक्याची दोन टोकं तशीच ठेवायची. मधला प्रत्येक नामगट वेगळा काढायचा, विशेषणं नामामागे न्यायची, ‘ला’, ‘तून’, ‘बरोबर’ यांच्या जागी योग्य शब्द नामाआधी आणायचा. शेवटी एकच प्रश्न विचारायचा: दिलं, पाहिलं, घेतलं ते नेमकं काय? उत्तर ठरावीक वस्तू किंवा व्यक्ती असेल, तर तिच्या मागे ‘रा’.