‘बुद्रुक’ मागे, ‘जुनी’ पुढे

‘मांजरी बुद्रुक’, ‘मांजरी खुर्द’ या नावांत विशेषण मागे आहे, कारण शब्द फारसी (मोठे, लहान) आणि क्रमही फारसीच. पण तिथे जागा ठरलेली असल्याने ती अर्थ बदलत नाही. फ्रेंचमध्ये बदलते. ‘आंस्यँ’ हे विशेषण ‘शाळा’ या नामाआधी आले, तर ती पूर्वीची शाळा, आज तिथे बहुधा दुसरेच काही. नंतर आले, तर शाळा जुनी. मराठी ‘जुनी शाळा’ दोन्ही अर्थ पोटात घेते, म्हणून फ्रेंचमधून अनुवाद करताना पहिल्यासाठी ‘पूर्वीची’ योजले. तसेच ‘शेर’ आधी ‘प्रिय’, नंतर ‘महाग’. ‘प्रॉप्र’ आधी ‘स्वतःचा’, नंतर बहुधा ‘स्वच्छ’. ‘प्रथा’ या नामाआधीचे ‘आंस्यँ’ मात्र ‘पुरातन’ही असू शकते, असा आक्षेप कोणी घेतला तर तो खरा; तिथे नाम आणि संदर्भ पाहूनच शब्द ठरवला आहे.