ट्रेडमार्क आणि कॉपीराइट : छोट्या दुकानापुरता फरक

माल कोणाचा हे ग्राहकाला सांगणारी खूण ट्रेडमार्क (व्यापारचिन्ह) राखतो. कोणी लिहिलेली, काढलेली, रचलेली कृती कॉपीराइट (प्रताधिकार) राखतो. पहिल्याला १९९९चा ट्रेड मार्क्स कायदा लागू होतो, दुसऱ्याला १९५७चा कॉपीराइट कायदा. एकाच पाकिटावर हे दोन्ही हक्क शेजारी शेजारी असतात आणि गोंधळ तिथेच होतो.

रावेर तालुक्यात घरीच केळीचे वेफर्स तळून विकणारे एक कुटुंब समजा. पाकीट पिवळे, वर ‘घुंगुरमाळ’ हे नाव, मधोमध माळ घातलेल्या बैलाचे चित्र, खाली ‘खान्देशी केळी वेफर्स’ आणि मागच्या बाजूला बहिणाबाईंच्या दोन ओळी.

‘घुंगुरमाळ’ हा एकच शब्द आहे, त्यावर कॉपीराइट मिळत नाही. ट्रेडमार्क मात्र मिळू शकतो, कारण वेफर्सशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. ‘खान्देशी केळी वेफर्स’ हे शब्द फक्त माल आणि मुलूख सांगतात, म्हणून ते एकट्याच्या नावावर सहसा होत नाहीत. ‘जळगाव केळी’ला तर २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते नाव ट्रेडमार्क म्हणून कोणा एका दुकानाला घेता येत नाही. केळीचे वेफर्स नोंदणीच्या २९व्या वर्गात येतात, शेव आणि मसाला ३०व्या. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी दर वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे. अर्ज जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतो. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते. नोंदणी नसली तरी आधीपासून नाव वापरणाऱ्याला संरक्षण असते, पण ते पुराव्याने सिद्ध करावे लागते. म्हणून पहिल्या वर्षाची बिले आणि छपाईची पावती फेकू नये.

आता बाजारात ‘घुंगरूमाला’ नावाचे तसलेच पिवळे पाकीट आले तर? बैल त्यांनी स्वतः नव्याने काढला असेल तर कॉपीराइट हतबल ठरतो, कारण तो फक्त नक्कल रोखतो. इथे ट्रेडमार्क कामाला येतो. पारले कंपनीच्या बिस्किटांच्या वेष्टनाचा १९७२चा निकाल या बाबतीत आजही आधार मानला जातो. दोन्ही वेष्टनांवर मुलगी, गाय आणि कोंबड्या होत्या, आकार आणि रंगही जवळपास सारखे. खालच्या न्यायालयांनी बारीकसारीक फरक मोजून दावा फेटाळला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला, कारण गिऱ्हाईक दोन पाकिटे शेजारी ठेवून ताडून पाहत नाही, त्याच्या मनात एकूण ठसा राहतो.

उलट, कोणी तोच बैल जसाच्या तसा उचलून कापडी पिशव्यांवर छापला तर पिशव्या हा वेगळा माल. लहान ब्रँडच्या ट्रेडमार्कचा हात तिथे सहसा पोहोचत नाही. कॉपीराइट मात्र पोहोचतो, तोही नोंदणीशिवाय. चित्र काढले त्या क्षणी तो जन्मतो आणि चित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो.

पण तो कोणाचा? बहुतेक घरगुती उद्योग इथेच अडकतात. डिझायनरला पैसे दिले, फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर आली, म्हणजे लोगो आपला झाला असे मालक धरून चालतो. पगारी नोकराने नोकरीचे काम म्हणून काढले तर हक्क मालकाचा. पैसे देऊन काढून घेतलेले छायाचित्र, रंगवलेले चित्र किंवा पोर्ट्रेट यांना कायद्यात सवलत आहे, पण संगणकावर केलेल्या लोगोसाठी तिच्या भरवशावर राहणे धोक्याचे. बाहेरच्या डिझायनरने काढलेल्या लोगोचा हक्क, लेखी हस्तांतर नसेल तर, त्याच्याकडेच राहू शकतो. ट्रेडमार्कच्या अर्जाआधी त्याची सही असलेला कागद घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. त्या कागदात मुदत लिहायलाच हवी. लिहिली नाही तर कायदा ती पाचच वर्षे धरतो. चित्र त्याने स्वतः काढले, इंटरनेटवरून उचलले नाही, हेही त्यात लिहून घ्यावे.

मागच्या ओळींचे काय? असोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१मध्ये गेल्या, त्यांचा पहिला संग्रह १९५२मध्ये आला. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या कृतीची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात, म्हणून त्या संग्रहातल्या गाण्यांची मुदत २०१२अखेर संपली. ती पाकिटावर छापायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि शेजारच्या दुकानाने त्याच ओळी छापल्या तर त्याला कॉपीराइटच्या नावाने अडवताही येत नाही. जाहिरातीत कोणा गायिकेचे ध्वनिमुद्रण वाजवायचे असेल तर त्याचा हक्क वेगळा असतो, तो तपासावा.

राहिली वेफर्सची पाककृती. कागदावर लिहिलेल्या मजकुराला कॉपीराइट आहे, पण केळी किती पातळ कापायची आणि मीठ कढईत कधी टाकायचे या रीतीला दोन्ही कायद्यांत जागा नाही. ती घराबाहेर जाऊ न देणे हाच तिचा बंदोबस्त.